जुने सोने विकताना



घरातले सोने कोणी हौसेने विकत नाही. विहिरीची मोटर जळते, दवाखान्याचा खर्च येतो, मुलाच्या शिक्षणाची फी भरायची असते. हातात पैसा नसतो. मग आजीच्या पेटीतला डबा बाहेर निघतो. त्या वेळी आपल्याला घाई असते. समोरचा सराफ मात्र शांत बसलेला असतो. तो काटा लावतो, दगडावर दागिना घासतो, यंत्राची चार बटणे दाबतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा कसा आला, हे आपण विचारत नाही. विचारायला लाज वाटते.

आज आपण तो आकडा कसा तयार होतो, ते पाहू. सारे सराफ लबाड असतात असे माझे म्हणणे नाही. पण हिशेब समजला, तर चांगला सराफ कोणता, हे आपले आपल्यालाच ओळखता येईल.

सोन्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते. पहिली वजन, दुसरी कस आणि तिसरी भाव. सोने किती, ते वजन. त्यात चोख सोने किती, तो कस. आणि एका ग्रॅमला किती रुपये, तो भाव. सराफाला कापायचे असेल, तर तो या तीनपैकी कोठेही कापू शकतो. एका जागी तो उदार दिसतो आणि दुसऱ्या जागी कात्री लावतो. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे विचारावेत. नंतर शेवटी हातात किती रुपये पडतात, तेवढेच ताडून पाहावे.

हे नीट कळावे म्हणून एक उदाहरण घेऊ.

बोरमाळेची गोष्ट

समजा, एका शेतकरी बाईची एक जुनी बोरमाळ आहे. सासूने दिलेली. विहिरीत नवी मोटर आणि पाइप टाकायचे आहेत, म्हणून ती विकायची आहे. माळेत चाळीस मणी आहेत. दोरा काढून नुसते मणी काट्यावर ठेवले, तर वजन भरते ३० ग्रॅम.

आता, ३० ग्रॅम मणी म्हणजे ३० ग्रॅम सोने नव्हे, बरं का! बोरमाळेचा मणी आतून भरीव नसतो. वर सोन्याचा पातळ पत्रा असतो आणि आत लाख भरलेली असते. लाख भरली नाही, तर मणी बोटाने चेपेल. कोल्हापुरी साजातले काही मणीही असेच लाखेने भरलेले असतात. उलट भरीव पाटल्या, गोठ, बांगड्या यांत लाख नसते. नथीत मोती असतात, कुड्यांत मोती किंवा खडे असतात. त्यांचे वजनही सोन्यात धरता येत नाही.

म्हणून घरून निघण्यापूर्वी आपल्या दागिन्यात काय काय आहे, ते पाहावे. दोरा, काळे मणी, मोती, खडे, लाख. मोती आणि खडे काढले, तर ते परत मागून घ्यावेत. ते आपलेच आहेत.

आणखी एक गोष्ट. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "माळ अडीच तोळ्यांची आहे." पण तोळा कोणता? जुना तोळा बारा माशांचा. तो होतो ११ ग्रॅम ६६४ मिलीग्रॅम. आज बाजारात तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. जुने अडीच तोळे म्हणजे २९ ग्रॅमांच्या वर, आणि आजचे अडीच तोळे म्हणजे २५ ग्रॅम. चार ग्रॅमांचा फरक पडतो. म्हणून सराफाशी तोळ्यात बोलूच नये. ग्रॅममध्ये बोलावे आणि कागदावरही ग्रॅमच लिहावेत.

वजन एकदा आधीच करून ठेवावे. दोन वेगळ्या दुकानांत वजन केले आणि दोन्हीकडे तेच भरले, म्हणजे मनात शंका राहत नाही. काट्यावर काही ठेवण्यापूर्वी त्यावर शून्य दिसते का, ते पाहावे. पंखा जोरात चालू असेल, तर तो क्षणभर बंद करायला सांगावे. इतक्या नाजूक काट्याला वारासुद्धा लागतो. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. तोही पाहावा.

कस कसा पाहतात

चोख सोने म्हणजे चोवीस कॅरेट. आपल्याकडे त्याला बावनकशी सोने म्हणत आले आहेत. पण चोख सोने मऊ असते. त्याचा दागिना वाकतो, झिजतो. म्हणून त्यात तांबे आणि चांदी मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे चोवीस भागांतले बावीस भाग सोने. शंभरात सांगायचे तर सुमारे ९१.६ भाग. म्हणून अशा दागिन्यावर ९१६ असा आकडा असतो. २० कॅरेट म्हणजे शंभरात सुमारे ८३ भाग. १८ कॅरेट म्हणजे ७५ भाग. एक कॅरेट खाली आले, की शंभरात चार भागांहून थोडे जास्त सोने कमी होते.

कस पाहण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली जुनी रीत कसोटीची. कसोटी म्हणजे काळा, गुळगुळीत दगड. त्यावर दागिना घासून एक रेघ ओढतात. तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढतात. दोन्हींचा रंग पाहतात. मग वर तेजाबाचा थेंब लावतात. हलके सोने असेल, तर रेघ फिकी पडते किंवा पुसून जाते. ही रीत झटपट आहे. पण ती पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे. खोटे आणि खरे सोने तिने कळते. वीस आणि बावीस कॅरेटही जाणत्याला कळते. पण ८८ भाग की ९० भाग, एवढे बारीक तिने सांगता येत नाही. आणि जुन्या सोन्याच्या हिशेबात हा दोन भागांचा फरकच हजारो रुपयांचा असतो.

दुसरी रीत यंत्राची. दागिना यंत्राच्या पेटीत ठेवतात. क्ष-किरण सोडतात. अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर आकडे येतात. सोने इतके, चांदी इतकी, तांबे इतके. दागिना फुटत नाही, झिजत नाही. म्हणून आज बहुतेक मोठ्या दुकानांत हे यंत्र असते. पण त्याची एक मर्यादा आहे. ते फक्त वरचा पातळ थर पाहते. दागिन्यावर चोख सोन्याचा मुलामा असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. किरण नेमका डाकाच्या सांध्यावर पडला, तर आकडा कमी येतो. डाक म्हणजे दोन तुकडे जोडताना लावतात ती धातू. ती जरा हलकी असते. म्हणून एकाच जागी पाहून भागत नाही. तीन वेगळ्या जागी पाहायला सांगावे. सांधा टाळायला सांगावा. आणि पडदा आपल्याकडे वळवायला सांगावा.

तिसरी रीत आगीची. ही सर्वांत खरी. सोन्याचा एक लहानसा तुकडा कापून घेतात. तो काट्यावर अगदी बारकाईने तोलतात. त्यात थोडी चांदी घालतात, तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि भट्टीत ठेवतात. शिसे आणि तांबे खालच्या सच्छिद्र वाटीत मुरून जातात. उरते सोने आणि चांदी. मग तेजाबात चांदी विरघळवतात. शेवटी राहते ते चोख सोने. ते पुन्हा तोलले, की कस निघाला. ही परीक्षा हॉलमार्क करणाऱ्या केंद्रात होते. भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलेल्या अशा केंद्रात साधा माणूससुद्धा आपला दागिना तपासून घेऊ शकतो. फी भरावी लागते, पण ती फार नसते. ती किती, ते आधी विचारावे. केंद्र साक्षीचा कागद देते. दागिना मोठा असेल आणि दोन सराफ दोन कस सांगत असतील, तर ही फी वसूल होते.

दागिन्यावर हॉलमार्क असेल, तर कसाचा वाद पुष्कळसा मिटतो. आपल्या देशात सोन्याचे हॉलमार्क २००० साली सुरू झाले. २०२३ च्या १ एप्रिलपासून तर, जेथे हॉलमार्क सक्तीचे आहे, तेथे सहा अक्षरी खूण असल्याशिवाय सराफाला दागिना विकता येत नाही. पण हे बंधन विकणाऱ्या सराफावर आहे. आपली जुनी, खूण नसलेली माळ आपल्याला विकता येते. "खूण नाही, म्हणून निम्म्या भावाने घेईन," असे कोणी म्हणाला, तर ऐकू नये. खूण नसेल, तर कस तपासून घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ.

आटवणी आणि घट

आता सर्वांत अवघड जागा. सराफ म्हणतो, "बाई, आटवल्यावर घट येणार. शेकडा पाच कापावे लागतील." ही घट म्हणजे काय? आगीत सोने उडून जाते का?

नाही. मुशीत सोने वितळते, पण ते वाफ होऊन जात नाही. जाते ते दुसरेच काही. मण्यांच्या फटींत वर्षानुवर्षे बसलेला मळ जळतो. लाख जळते. डाकातला जस्तासारखा हलका धातू धूर होऊन जातो. थोडे तांबे जळून टाकणखाराच्या काचेत मिसळते. आणि सोन्याचे काही बारीक कण मुशीला चिकटून राहतात. भरीव, स्वच्छ पाटली आटवली, तर तूट फार थोडी येते. सांधे, तारा, जाळी असलेला दागिना आटवला, तर ती जास्त येते. लाखेचा दागिना आटवला, तर पुष्कळ येते. म्हणून सर्व दागिन्यांना एकच घट लावणे बरोबर नाही. पाटलीला आणि बोरमाळेला सारखीच घट लावणारा सराफ अंदाजाने बोलतो आहे, असे समजावे.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आजच्या बोलण्यातले दुसरे काही विसरलात तरी चालेल, पण ही विसरू नका. घट एकदाच कापली जाते. आटवण्यापूर्वी सौदा केला, तर सराफ अंदाजाने घट कापतो. ते समजण्यासारखे आहे. पण आपल्यासमोर सोने आटवले, त्याची लगड झाली आणि ती लगड काट्यावर ठेवली, तर जी काही तूट यायची ती येऊन गेली. ती काट्यावर दिसलीच आहे. त्यानंतर पुन्हा "घट शेकडा तीन" असे म्हणता येत नाही. तसे म्हटले, तर एकच तूट आपण दोनदा भरतो.

तीन दुकाने

आता आपली बोरमाळ घेऊन बाजारात जाऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून चोख सोन्याचा त्या दिवसाचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. खरा भाव रोज बदलतो. निघण्यापूर्वी तो वर्तमानपत्रात किंवा फोनवर पाहावा. पाहताना दोन गोष्टी तपासाव्यात. भाव चोवीस कॅरेटचा आहे की बावीसचा? आणि तो एका ग्रॅमचा आहे की दहा ग्रॅमचा?

पहिल्या दुकानात सराफ म्हणाला, "भाव तुम्हांला पुरा देतो. एक रुपया कमी नाही. पण यात तिसरा हिस्सा लाख. वर शेकडा तीन घट. आणि सोने वीस कॅरेटचे." बाईने कागदावर हिशेब मांडला. ३० ग्रॅमांतून १० ग्रॅम लाख गेली. राहिले २० ग्रॅम. त्यातून शेकडा तीन म्हणजे ६०० मिलीग्रॅम घट गेली. राहिले १९ ग्रॅम ४०० मिलीग्रॅम. ते वीस कॅरेटचे, म्हणजे त्यात चोख सोने सुमारे १६ ग्रॅम १६० मिलीग्रॅम. दहा हजारांच्या भावाने झाले सुमारे १ लाख ६१ हजार ६०० रुपये.

दुसऱ्या दुकानातला सराफ फार गोड बोलला. "घट? आम्ही घट कापतच नाही. कस पुरा बावीस कॅरेट धरतो. फक्त लाख तेवढी बारा ग्रॅम धरावी लागेल." आता राहिले १८ ग्रॅम. बावीस कॅरेटचा भाव ९,१६० रुपये. झाले १ लाख ६४ हजार ८८० रुपये. पहिल्यापेक्षा तीन हजार जास्त. घट नाही, कस पुरा, मग आणखी काय हवे?

पण बाई हुशार होती. तिने विचारले, "लाख बारा ग्रॅम, हे कशावरून?"

सराफ म्हणाला, "अंदाज असतो, बाई. इतकी वर्षे हाच धंदा करतो."

तिसऱ्या दुकानात सराफाने वेगळेच सांगितले. तो म्हणाला, "लाख किती ते मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू शकत नाही. तुमची तयारी असेल, तर एक मणी उघडून पाहू."

माझे म्हणणे आहे, की लाखेच्या दागिन्याला हीच खरी युक्ती आहे. एका माळेचे मणी बहुधा सारखे असतात. बाईने एक मणी काढून दिला. काट्यावर तो भरला ७५० मिलीग्रॅम. सराफाने तो तापवला. लाख वितळून जळून गेली. उरलेला पत्रा झाडून, थंड करून तोलला. भरला ५१० मिलीग्रॅम. म्हणजे चाळीस मण्यांचे सोने साधारण २० ग्रॅम ४०० मिलीग्रॅम निघणार. बारा ग्रॅम लाख हा अंदाज चुकीचा होता, हे एका मण्याने सांगितले. आणि बिघडला तो एकच मणी. बाईला सौदा नको असता, तर ती एकोणचाळीस मणी आणि तो पत्रा घेऊन परत जाऊ शकली असती.

हिशेब पटला, तेव्हा बाईने आटवायला होकार दिला. पण आधी तीन गोष्टी ठरवून घेतल्या. आटवणावळ किती? ती ३०० रुपये ठरली. लगड झाल्यावर सौदा पटला नाही तर? सराफ म्हणाला, "लगड तुमची. आटवणावळ द्या आणि घेऊन जा." आणि भाव कोणता? सराफाने सांगितले, "आजच्या भावात शेकडा दोन कमी. ग्रॅमला ९,८०० रुपये. तो माझा नफा. बाकी काही कापणार नाही."

मग मणी आटवले. बाई आणि तिचा मुलगा समोर बसले होते. मूस आधी रिकामी आहे, हे त्यांनी पाहिले. आटवल्यावर मुशीला चिकटलेले कण सराफाने खरवडून त्यात घेतले. लगड धुऊन, कोरडी करून काट्यावर ठेवली. भरली बरोबर २० ग्रॅम. आधी पत्र्यावरून हिशेब आला होता २० ग्रॅम ४०० मिलीग्रॅम. ४०० मिलीग्रॅम गेले. ही खरी घट. पत्र्यावरची काजळी आणि सांध्यांचा डाक त्यात गेला.

मग लगड यंत्रात ठेवली. आटवल्यावर सोने, डाक, सारे एकजीव झालेले असते. म्हणून दागिन्यापेक्षा लगडीचा कस यंत्रावर जास्त भरवशाचा येतो. दोन्ही बाजूंनी पाहिले. कस आला शंभरात ८८.

आता हिशेब सोपा आहे. २० ग्रॅमांचे शंभरात ८८ भाग, म्हणजे चोख सोने १७ ग्रॅम ६०० मिलीग्रॅम. त्याला ९,८०० रुपयांचा भाव. झाले १ लाख ७२ हजार ४८० रुपये. आटवणावळीचे ३०० वजा केले, तर हातात १ लाख ७२ हजार १८० रुपये.

पाहा बरं! पहिल्या दुकानाचा भाव पुरा होता. दुसऱ्या दुकानात घट नव्हती. तिसऱ्या दुकानाने भावही कमी दिला आणि आटवणावळही घेतली. तरी सर्वांत जास्त पैसे तिसऱ्याच दुकानात मिळाले. दुसऱ्यापेक्षा ७,३०० रुपये जास्त, पहिल्यापेक्षा साडेदहा हजारांच्या आसपास जास्त. कारण तिसऱ्या दुकानात अंदाज नव्हता. वजन काट्याने सांगितले आणि कस यंत्राने.

आणि याच सराफाने शेवटी "वर शेकडा तीन घट" असे म्हटले असते, तर? तर ५,००० रुपयांच्या वर गेले असते. एका शब्दाला पाच हजार रुपये! म्हणून आटवण्याच्या आधी ठरवून घ्यायचे.

प्रत्येक वेळी आटवूनच फायदा होतो, असे मात्र नाही. लाख जास्त निघाली किंवा कस ८२ निघाला, तर अंदाजाने देणारा सराफच जास्त पैसे देऊन गेला असता. आणि एकदा आटवले, की माळ परत होत नाही. म्हणूनच आधी तिन्ही दुकानांचे आकडे कागदावर आणावेत, एक मणी उघडून पाहावा, आणि मगच आटवायचे की नाही ते ठरवावे. सुंदर घडणीची, धड असलेली माळ असेल, तर ती आहे तशी घेणारा कोणी आहे का, हेही आधी विचारावे. मुशीत घडणीची किंमत शून्य होते.

बदलीचा सौदा

काही दुकाने म्हणतात, "जुने द्या, नवे घ्या. मग घटही नाही आणि भावही पुरा." नवा दागिना खरोखर घ्यायचा असेल, तर हा सौदा पाहावा. पण नव्या दागिन्यावर मजुरी लागते आणि करही लागतो. जुन्यात सोडलेले नव्याच्या मजुरीत परत घेता येते. म्हणून नव्याची मजुरी आधी विचारावी, जुन्याची गोष्ट नंतर काढावी. आणि आपल्याला मोटरीसाठी रोख पैसे हवे असतील, तर बदलीच्या भावाची रोखीच्या भावाशी तुलना करू नये. ती दोन वेगळी मापे आहेत.

पैसे घेताना

सौदा पटला, की पावती घ्यावी. पावतीवर चार गोष्टी असाव्यात. दागिन्याचे मूळ वजन, लगडीचे वजन, कस आणि भाव. नुसती एकूण रक्कम लिहिलेली पावती आपल्या कामाची नाही. सराफ ओळखपत्र मागेल. त्यात राग मानू नये. चोरीचे सोने नाही, एवढी त्याचीही खात्री व्हायला हवी. जुनी पावती असेल, तर बरोबर न्यावी. रक्कम शक्यतो बँकेच्या खात्यात घ्यावी. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घ्यायला कायद्याची मनाई आहे.

दागिना "ठेवून जा, उद्या सांगतो" असे कोणी म्हटले, तर ठेवू नये. एकटे जाऊ नये. आणि बंधूंनो, दागिना ज्या बाईचा आहे, तिला बरोबर घेऊन जा. वजन, कस आणि भाव तिच्यासमोर बोलले जाऊ द्या. आकडे तिच्या हाताने कागदावर लिहू द्या. लिहायला आपण याचसाठी शिकलो आहोत.

शेवटी एक हिशेब देतो. घरी करून पाहा.

एका बाईच्या पाटल्या आटवून २५ ग्रॅमांची लगड झाली. कस शंभरात ९०. चोख सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये. एक सराफ म्हणतो, "वजन पुरे धरतो, पण भावात शेकडा तीन कमी देतो." दुसरा म्हणतो, "भाव पुरा देतो, पण वजनात शेकडा तीन कमी धरतो." कोणाकडे जास्त पैसे मिळतील?

उत्तर: पहिल्याकडे चोख सोने २२ ग्रॅम ५०० मिलीग्रॅम, भाव ९,७०० रुपये. झाले २,१८,२५० रुपये. दुसऱ्याकडे २५ ग्रॅमांचे धरले २४ ग्रॅम २५० मिलीग्रॅम. त्यात चोख सोने २१ ग्रॅम ८२५ मिलीग्रॅम, भाव १०,००० रुपये. झाले २,१८,२५० रुपये. दोन्हीकडे पैसे सारखेच. कात्री भावाला लावली काय आणि वजनाला लावली काय, खिशाला सारखीच लागते.